प्रकल्प नोंदी: फाउंड्रीचा खातेउतारा आणि ६,८५,११६ रुपयांचा फरक

९ एप्रिल २०२५, बुधवार

कास्टिंग पुरवणाऱ्या फाउंड्रीचा ३१ मार्च २०२५ अखेरचा खातेउतारा आला. आमचे युनिट शिरोली एमआयडीसीत पंपाचे भाग मशिनिंग करते. फाउंड्री कोल्हापुरातलीच आहे आणि उद्यम नोंदणीनुसार लघुउद्योग आहे. उताऱ्यात आमच्या नावे शिल्लक १४,८६,३२० रुपये. आमच्या टॅलीत त्यांच्या खात्यावर जमा शिल्लक ८,०१,२०४ रुपये. फरक ६,८५,११६ रुपये.

उताऱ्याखाली सही-शिक्क्यासाठी एक पट्टी आहे: "वरील शिल्लक आम्हास मान्य आहे." त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिले आहे की पंधरा दिवसांत हरकत न आल्यास शिल्लक मान्य धरली जाईल. असे छापल्याने आमची कबुली होत नाही. मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे कर्जाची कबुली लेखी आणि सहीची असावी लागते. उलट पट्टीवर सही केली तर तीच कबुली होते आणि वसुलीची तीन वर्षांची मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते. म्हणून पट्टी भरायची नाही. मात्र गप्पही बसायचे नाही, कारण त्यांचे ऑडिटर हीच शिल्लक घेऊन पुढे जातात आणि सप्टेंबरमध्ये तोच वाद परत समोर येतो.

फरकाच्या एकूण आकड्यावर आज डोके लावायचे नाही. १,८७,००० रुपयांचे एखादे बिल शोधावे तसे ६,८५,११६ शोधत बसले तर काहीच सापडत नाही, कारण एवढ्या मोठ्या फरकामागे सहसा एकच नोंद नसते. त्यात काही नोंदी एकमेकींना कापणाऱ्याही असू शकतात.

पहिले काम आरंभीच्या शिल्लकेचे. १ एप्रिल २०२४ ची आमची जमा शिल्लक आणि उताऱ्याची पहिली ओळ ताडून पाहिली. जुळते. मागच्या वर्षीचे सहीचे पत्रही फाइलला आहे. म्हणजे जो काही फरक आहे तो याच बारा महिन्यांतला. आरंभीची शिल्लक जुळली नसती तर आधी मागचे वर्ष उघडावे लागले असते, कारण चुकीच्या पायावर चालू वर्ष जुळवणे म्हणजे वाया गेलेली मेहनत.

११ एप्रिल, शुक्रवार

फाउंड्रीकडून उतारा पीडीएफमध्ये आला होता. तो एक्सेलमध्ये मागवून घेतला. पीडीएफवरून आकडे हाताने टाइप केले की नवे फरक तयार होतात आणि मग ते कुणाचे, हे कळत नाही.

तारखेप्रमाणे जुळवणी करण्यात अर्थ नाही. ते बिलाच्या तारखेने लिहितात, आम्ही जीआरएनच्या, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीच्या, तारखेने, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ओळीत एक-दोन दिवसांचा फरक राहतो. दोन्हींकडे सारखा असतो तो बिलाचा क्रमांक. अडचण एवढीच की ते २४-२५/१०४२ असे पूर्ण लिहितात आणि आमच्याकडे नोंद करणारा कधी पूर्ण क्रमांक लिहितो, कधी नुसते शेवटचे आकडे. म्हणून दोन्ही पानांवर शेवटची चार अक्षरे वेगळी काढली आणि त्यांवर जुळवणी केली:

```
=RIGHT(TRIM(B2),4)
=SUMIFS(Stmt!$E:$E,Stmt!$A:$A,A2)-C2
```

पहिले सूत्र दोन्ही पानांच्या A स्तंभात. दुसरे आमच्या पानावर: त्या क्रमांकाची उताऱ्यातली रक्कम वजा आमची रक्कम. शून्य आले की ओळ संपली. मग हेच उलट बाजूने, म्हणजे उताऱ्याच्या पानावर आमच्या रकमा शोधून. ही दुसरी फेरी टाळली तर जी बिले आमच्याकडे मुळीच नाहीत ती दिसतच नाहीत, कारण आमच्या पानावर त्यांची ओळच नसते.

देयके या सूत्राने जुळवायची नाहीत. त्यांच्यावर बिल क्रमांक नसतो. ती बँकेची तारीख, रक्कम आणि यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, पाहून हातानेच जुळवली.

मालाच्या बिलांत फक्त एक ओळ उरली: ११८७, तारीख २९ मार्च, २,३३,४०४ रुपये. उलट फेरीत आणखी एक विचित्र ओळ आली, तिची शेवटची चार अक्षरे "/०६१" अशी निघाली. ही त्यांच्या कास्टिंगच्या बिलांची मालिकाच नव्हे. आमच्या बाजूला दोन डेबिट नोटा, टीडीएसच्या काही ओळी आणि २८ मार्चचे एक एनईएफटी उताऱ्यात नाहीत.

एवढ्या ओळी सापडल्या की बेरीज करून पाहायची. या सगळ्या मिळून ६,८५,११४ होतात. राहिले दोन रुपये. ते राउंड ऑफचे आहेत: त्यांचे सॉफ्टवेअर प्रत्येक बिल पूर्ण रुपयात आणते, आमच्याकडे सुरुवातीच्या काही बिलांवर पैसे तसेच राहिले. आमच्याच बाजूने जर्नल टाकून ते मिटवले. दोन रुपयांसाठी कुणाला पत्र लिहायचे नसते. पण बेरीज दोन रुपयांपर्यंत आली आहे हे महत्त्वाचे, कारण तोवर यादी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

एकेक ओळीची कागदपत्रे काढली.

बिल ११८७. २,१५० किलो, ९२ रुपये दराने १,९७,८०० आणि १८ टक्के जीएसटी ३५,६०४. बिल २९ मार्चचे, शनिवारी संध्याकाळचे. ३० तारखेला रविवार आणि गुढीपाडवा, ३१ ला ईद. आमचे गेट दोन्ही दिवस बंद. ई-वे बिलाचा भाग-अ २९ तारखेचा आहे, पण भाग-ब मध्ये गाडीचा क्रमांक भरला आहे १ एप्रिलला सकाळी. म्हणजे माल मार्चमध्ये त्यांच्या यार्डातून हललाच नाही. गेट रजिस्टर, वजनकाट्याची पावती आणि जीआरएन, तिन्हींवर १ एप्रिल. ऑर्डरची अट आमच्या गेटपर्यंत पोच अशी आहे. त्यामुळे नोंद एप्रिलमध्येच राहील. हा फरक चुकीचा नाही. त्यांच्या उताऱ्यात हे बिल आहे तेही बरोबर, आमच्याकडे मार्चमध्ये नाही तेही बरोबर. उत्तरात तो "आम्हास अमान्य" अशा शब्दांत गेला तर समोरचा माणूस उगाच बिल रद्द करायच्या मागे लागतो.

याचा टीडीएसवर एक बारीक परिणाम आहे. कलम १९४क्यू प्रमाणे एका पुरवठादाराकडून वर्षात पन्नास लाखांवर गेलेल्या खरेदीवर ०.१ टक्का कपात करतो. हे बिल आमच्याकडे नव्या वर्षात आले, आणि नव्या वर्षाचे पन्नास लाख शून्यापासून मोजायचे. म्हणून यावर कपात नाही. फाउंड्रीने ते मार्चच्या विक्रीत धरून कपातीची अपेक्षा ठेवली असेल तर त्यांच्या नावे झालेली करकपात दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये त्यांना १९८ रुपये कमी दिसतील. पत्रात ही ओळ आधीच टाकायची, नाहीतर जूनमध्ये फोन येतो.

ते "/०६१" चे बिल. १२ फेब्रुवारी, पॅटर्न दुरुस्ती, १८,००० आणि जीएसटी ३,२४०, एकूण २१,२४०. माल नाही म्हणून जीआरएन नाही, जीआरएन नाही म्हणून खरेदीच्या नोंदीच्या वाटेवर ते बिल आलेच नाही. पॅटर्न शॉपच्या फायलीत सहीसकट पडून होते. पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या फेब्रुवारीच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते दिसते. काम झाल्याची सही आहे, दर कोटेशनप्रमाणे आहे. हे आमच्या पुस्तकातच यायला हवे. वर्षाचे ऑडिट व्हायचे आहे, म्हणून ३१ मार्चच्या आत नोंद केली. बिलावरच्या जीएसटीचे क्रेडिट मार्चच्या जीएसटीआर-३बी या आमच्या मासिक विवरणात घेता येते, ती भरायची मुदत २० तारीख. सेवा असल्याने १९४क्यू लागत नाही, आणि वर्षभरात असे दुसरे काम नसल्याने व रक्कम तीस हजारांखाली असल्याने १९४सी ची कपातही नाही. यापुढे पॅटर्न दुरुस्ती, तपासणी शुल्क, वाहतूक अशा जीआरएन नसणाऱ्या बिलांसाठी महिनाअखेरीस २बी वरून उलटी तपासणी करायची. पुरवठादाराच्या उताऱ्यात अशी बिले सापडतात ती नेहमी याच जातीची असतात.

२८ मार्चचे एनईएफटी, ३,७५,००० रुपये. सगळ्यात मोठी ओळ हीच. आधी खात्री करायची की पैसे परत तर आले नाहीत. खाते क्रमांकात चूक असेल तर एनईएफटी परत येते आणि आमच्याच बँक उताऱ्यात जमा दिसते. तसे काही नाही. लाभार्थी खाते तेच, ज्यावर वर्षभर पैसे जात आहेत. म्हणजे पैसे त्यांच्या बँकेत पोचले, खतावणी भलत्या ठिकाणी झाली. आमच्या सिस्टर कन्सर्नचे नाव आमच्यापेक्षा एका शब्दानेच वेगळे आहे आणि ती कंपनीही याच फाउंड्रीकडून माल घेते. त्यांचा उतारा मागवून पाहिला. २८ मार्चला नेमके ३,७५,००० जमा आणि समोर एकही बिल नाही, "ऑन अकाउंट".

इथे एक मोह होतो: दोन्ही कंपन्या आपल्याच, मग आपसात जर्नल टाकून मोकळे व्हावे. ते करायचे नाही. पॅन वेगळे, जीएसटी क्रमांक वेगळे, आणि आमच्या कंपनीने दुसरीचे देणे फेडले असा व्यवहार कागदावर उभा राहतो, जो झालेलाच नाही. दुरुस्ती फाउंड्रीच्या पुस्तकात व्हायला हवी. त्यांना सोळा अक्षरी यूटीआर, तारीख, रक्कम आणि लाभार्थी खात्याचे शेवटचे चार आकडे द्यायचे. सोबत बँक उताऱ्याची फक्त ती ओळ. अख्खे पान पाठवायचे नाही, त्यावर बाकीच्या पुरवठादारांचे व्यवहार असतात.

टीडीएस. त्यांनी डिसेंबरपर्यंतच्या कपातीच्या नोंदी केल्या आहेत, जानेवारी ते मार्चच्या नाहीत. या तिमाहीत बिलांची जीएसटीविना रक्कम २३,७०,०००, त्यावर ०.१ टक्का म्हणजे २,३७०. ते २६एएस पाहून नोंद करतात, आणि चौथ्या तिमाहीचे विवरण भरायची मुदत ३१ मे. तोवर त्यांना काही दिसणार नाही. बिलवार तक्ता पाठवला तर ते आधीच नोंद करू शकतात. नाही केली तरी चालेल, पण उत्तरात ओळ हवी.

उरल्या दोन डेबिट नोटा. त्यांवर सोमवारची सुट्टी गेल्यावर, सविस्तर.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिली डेबिट नोट, १८ मार्च, मशिनिंग रिजेक्शन. पंपाच्या केसिंगचे ६० नग, बोअर करताना ब्लो होल उघडे पडले. एका नगाचे कच्चे वजन ७.५ किलो, म्हणजे ४५० किलो, ९२ दराने ४१,४०० आणि जीएसटी ७,४५२, एकूण ४८,८५२. माल डिलिव्हरी चलनाने परत गेला आहे, चलनावर त्यांच्या स्टोअरची पोच आहे.

पण त्या पोचेवर वजन लिहिले आहे ४०२ किलो. या नोटेची नोंद का अडली ते इथेच समजते. आम्ही कच्च्या कास्टिंगच्या वजनाने आकारले, त्यांनी काट्यावरचे वजन घेतले. मशिनिंग झालेल्या नगातून बोरिंग निघून गेलेले असते, त्यामुळे काट्यावर वजन कमी भरणारच. त्यांच्या हिशेबाने ४८ किलोची किंमत जीएसटीसह ५,२११ रुपये आम्ही जास्त लावली. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही, ते ४८ किलो बोरिंग आमच्याकडेच राहिले आणि भंगारात गेले. पण पैसे आम्ही ७.५ किलोचे दिले आहेत, मशिनिंगचा खर्च वेगळाच बुडाला, आणि ऑर्डरच्या अटीत स्पष्ट आहे: मशिनिंगमध्ये सापडलेले रिजेक्शन नगावर आणि मूळ वजनाने परत घेतले जाईल. चलनावर नगसंख्या ६० दोन्ही बाजूंनी मान्य आहे. उत्तरात किलोचा उल्लेख दुसऱ्या क्रमांकावर, नगांचा पहिल्या.

पुढच्या चलनांवर "६० नग, मूळ वजन ४५० किलो, सध्याचे वजन ४०२ किलो" असे तिन्ही लिहायचे. मग त्यांच्या स्टोअरला अंदाज बांधावा लागत नाही.

दुसरी डेबिट नोट, ३ जानेवारी, दरातला फरक. बिल २७ डिसेंबरचे, १,८०० किलो. दर ९० वरून ९२ झाला तो १ जानेवारीपासूनच्या डिस्पॅचला, तसे सुधारित ऑर्डरमध्ये लिहिले आहे. बिलावर ९२ लावला. फरक ३,६०० आणि जीएसटी ६४८, एकूण ४,२४८. माल २८ डिसेंबरला आला, हरकतीचा ईमेल ३ जानेवारीचा. ही तारीख कामाची आहे: लघुउद्योगांच्या कायद्यात माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली तर पैसे देण्याची मुदत हरकत मिटल्यापासून मोजली जाते. फोनवर सांगितलेली हरकत तिथे उपयोगी पडत नाही.

आज मार्चची २बी पाहिली. ११८७ त्यात आले आहे. माल हाती आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, म्हणून जीएसटी पोर्टलवरच्या आयएमएस मध्ये, जिथे आलेली बिले स्वीकारता किंवा थांबवता येतात, ते बिल प्रलंबित ठेवले. एप्रिलच्या ३बी मध्ये घ्यायचे.

दुपारी उत्तर पाठवले. मजकूर असा:

> महोदय,
>
> आपला ३१ मार्च २०२५ अखेरचा खातेउतारा मिळाला. त्यातील शिल्लक १४,८६,३२० रुपये असून आमच्या पुस्तकांनुसार त्या दिवशीची देय शिल्लक ८,२२,४४६ रुपये आहे. यात आपले पॅटर्न दुरुस्तीचे १२ फेब्रुवारीचे २१,२४० रुपयांचे बिल आम्ही आता नोंदवले आहे. उरलेल्या ६,६३,८७४ रुपयांच्या फरकाच्या नोंदी खाली देत आहोत.
>
> | नोंद | रक्कम (रु.) | कारण | करावयाची कार्यवाही |
> |---|---|---|---|
> | बिल ११८७, २९ मार्च | २,३३,४०४ | माल १ एप्रिलला पोचला | आमची नोंद एप्रिलमध्ये झाली. आपणाकडे काही बदल नको |
> | एनईएफटी, २८ मार्च | ३,७५,००० | आमच्या सहयोगी कंपनीच्या खात्यावर जमा | आपण आमच्या खात्यावर वर्ग करावे |
> | डेबिट नोट, १८ मार्च | ४८,८५२ | मशिनिंग रिजेक्शन, ६० नग | आपली क्रेडिट नोट यावी |
> | डेबिट नोट, ३ जानेवारी | ४,२४८ | १,८०० किलोवर दराचा फरक | आपली क्रेडिट नोट यावी |
> | टीडीएस, जाने. ते मार्च | २,३७० | नोंद बाकी | सोबतच्या तक्त्यावरून नोंद करावी |
>
> बिल ११८७ आमच्याकडे नव्या आर्थिक वर्षात आल्याने त्यावर १९४क्यू ची कपात झालेली नाही. हे पत्र खाते जुळवण्यापुरते असून वर दिलेल्या डेबिट नोटांवरील आमचा हक्क राखून दिले आहे. ज्या बिलांवर वाद नाही त्यांची रक्कम ठरलेल्या तारखांनाच मिळत राहील. आपले उत्तर ओळीगणिक मिळावे, ही विनंती.
>
> चू. भू. द्या. घ्या.

सोबत कागद पाचच, प्रत्येकाला ओळीचा क्रमांक दिलेला: जीआरएन व ई-वे बिल, बँकेची ओळ, पोच असलेले चलन, सुधारित ऑर्डर व ईमेल, टीडीएसचा तक्ता. आमचे अख्खे लेजर जोडलेले नाही. लेजर पाठवले की समोरचा माणूस पुन्हा पहिल्या ओळीपासून ताळा घेत बसतो आणि आपली यादी तशीच बाजूला राहते.

कार्यवाहीचा स्तंभ मुद्दाम ठेवला. तो नसला की उत्तर येते "नोंद घेतली" आणि कुणीच काही करत नाही. पहिल्या ओळीत त्यांनी काही करायचे नाही हेही लिहावेच लागते.

"वाद नसलेल्या बिलांचे पैसे मिळत राहतील" हे वाक्य सौजन्यापोटी घातलेले नाही. ताळमेळ होईपर्यंत सगळी देयके रोखून धरायची पद्धत अनेक कार्यालयांत आहे. लघुउद्योग असलेल्या उत्पादकाबाबत ती महागात पडते: करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या वर जाता येत नाही, उशिरावर कायद्याने चढे व्याज, आणि प्राप्तिकराच्या ४३बी(एच) मुळे मुदत उलटून वर्षअखेर थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून मिळत नाही. पाच ओळींचा वाद पाच ओळींपुरताच ठेवायचा.

१६ एप्रिल, बुधवार

मुदत झालेल्या तीन बिलांचे पैसे सोडले, बिल क्रमांकांसह सूचना पाठवली. त्यांच्याकडून लगेच फोन: "मग शिल्लक आता किती धरायची?" उत्तर: ३१ मार्चचा ताळमेळ ३१ मार्चलाच थांबतो. एप्रिलचे देयक त्यात घातले की पत्रातला प्रत्येक आकडा हलतो आणि दोघांनाही आपण कुठल्या तारखेबद्दल बोलतो आहोत ते कळेनासे होते.

२२ एप्रिल, मंगळवार

त्यांचे उत्तर आले, सांगितल्याप्रमाणे ओळीगणिक. ११८७ मान्य. ३,७५,००० वर्ग केले, ३१ मार्चच्याच तारखेने, सुधारित उतारा सोबत. सिस्टर कन्सर्नचा उतारा वेगळा मागवला, तिथूनही रक्कम निघाली आहे ना ते पाहिले. निघाली आहे. दोन्ही बाजू न पाहता समाधान मानले तर कधीकधी एका खात्यावर जमा होते आणि दुसऱ्यावरचे तसेच राहते.

टीडीएसबद्दल "२६एएस मध्ये दिसल्यावर". ठीक.

रिजेक्शनवर अपेक्षेप्रमाणे ४०२ किलोचा मुद्दा. ऑर्डरची अट आणि नगसंख्येची पोच पुन्हा पाठवली, त्यांच्या क्वालिटीच्या माणसाला प्रत. लेखा विभागाला वजन दिसते, नग नाही. हा प्रश्न तिथे सुटत नाही.

३ मे, शनिवार

रिजेक्शनची क्रेडिट नोट आली, २ मे ची, ६० नग, ४५० किलो, पूर्ण ४८,८५२. जीएसटीसह दिली आहे, म्हणजे ती त्यांच्या विवरणात जाईल आणि आमच्या मे महिन्याच्या २बी मध्ये येईल. २०२४-२५ मधल्या पुरवठ्यासाठी अशी नोट देण्याची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ आहे. दिवाळीनंतर पाहू म्हणणाऱ्यांची गोची इथेच होते.

यात आमच्या बाजूने एक सापळा आहे. डेबिट नोट केली तेव्हाच, मार्चच्या ३बी मध्ये, ७,४५२ रुपयांचे क्रेडिट आम्ही कमी केले होते. मे ची ३बी भरताना आपोआप आलेला आकडा तसाच घेतला तर तेच ७,४५२ दुसऱ्यांदा कमी होतील. जीएसटीच्या नोंदवहीत क्रेडिट नोटेच्या ओळीसमोर "मार्चमध्ये उलटवले" असे लिहून ठेवले.

दराच्या फरकाची नोटही आली, पण ३,६०० रुपयांची, जीएसटीविना. दर चुकला हे मान्य, मात्र डिसेंबरचे विवरण छेडायचे नाही म्हणून त्यांनी नुसती व्यापारी क्रेडिट नोट दिली. हे चालते. फक्त त्याचा अर्थ नीट लावायचा: बिलावरचा कर जसा होता तसा राहिला, तेव्हा ६४८ रुपये आम्हाला त्यांना द्यावे लागतात आणि तेवढे क्रेडिट आम्हाला परत घेता येते. आमची डेबिट नोट जीएसटीसह ४,२४८ ची होती. ती ३,६०० ची केली आणि फरकाची जर्नल एप्रिलनंतरच्या तारखेला टाकली. मार्चची शिल्लक पत्रात कळवून झाली आहे, ती मागे जाऊन बदलायची नाही. जर त्यांनी काहीच नोट दिली नसती आणि आमची डेबिट नोट करविना असती, तर २७ डिसेंबरपासूनचे १८० दिवस २५ जूनला संपतात, आणि न दिलेल्या रकमेपुरते क्रेडिट व्याजासह उलटवावे लागले असते.

१७ जून, मंगळवार

चौथ्या तिमाहीचे टीडीएस विवरण मे अखेरीस गेले होते. फॉर्म १६ए काढून पाठवला, त्यांनी २,३७० ची नोंद केली. नवा उतारा आला.

३१ मार्चच्या मूळ १४,८६,३२० मधून ३,७५,०००, ४८,८५२, २,३७० आणि ३,६०० वजा जाता त्यांच्याकडे १०,५६,४९८ उरतात. आमच्याकडे ८,२२,४४६ मध्ये बिल ११८७ चे २,३३,४०४ आणि कराचे ६४८ मिळवले की तेच. त्यानंतरची बिले आणि देयके दोन्हीकडे सारखी आहेत.

शिल्लक मान्यतेची पट्टी त्यांनी नव्या आकड्यासह पुन्हा पाठवली. तिच्यावर १७ जूनची तारीख घालून सही केली. मार्चच्या पट्टीवर आता सही मागितली होती, ती कोरी परत पाठवली आणि १५ एप्रिलच्या पत्राचा संदर्भ दिला. त्यांच्या ऑडिटरला तेवढे पुरते.

पुढचा उतारा ३० सप्टेंबर अखेरचा. तो एक्सेलमध्येच यावा आणि बिल क्रमांक पूर्ण लिहावेत, असे कळवले आहे.